ऐकून घेणारा आणि तपासून पाहणारा : समुपदेशनाच्या दोन वाटा

गेल्या काही वर्षांत शाळा-महाविद्यालयांतून ‘समुपदेशन’ हा शब्द रुळला आहे. वसतिगृहात मूल जेवेनासे झाले, रात्री झोपेनासे झाले किंवा घरी जाण्याचा हट्ट धरू लागले की, “त्याला समुपदेशकाकडे न्या,” असे आता सहज म्हटले जाते. परंतु त्या बंद दाराआड नेमके काय घडते, याची पालकांना क्वचितच कल्पना असते. कोणी समजते की तेथे उपदेश केला जातो. कोणी समजते की मूल बोलते आणि समोरची व्यक्ती मान डोलावते. या दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे, कारण समुपदेशनाच्या पद्धती अनेक आहेत. त्यांपैकी व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धतीचा परिचय आम्ही येथे करून देणार आहोत आणि तिच्या शेजारी विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणजे ‘सीबीटी’, ठेवून पाहणार आहोत. दोहोंतील भेद एका उदाहरणातून पाहिल्यास स्पष्ट होतो. उदाहरण आम्ही रचलेले आहे. मात्र वसतिगृहात राहिलेल्या वाचकांस ते अपरिचित वाटू नये.

खेड्यातून आलेला अकरावी विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी. दहावीत गावात पहिला आलेला. वडील शेतमजूर; मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी हातउसने पैसे घेतलेले. पहिल्या घटक चाचणीत त्याला भौतिकशास्त्रात २५ पैकी ९ गुण मिळतात. त्यानंतर तो भोजनगृहात येणे टाळतो, रविवारी घरी फोन करीत नाही, दिवसा अंथरुणात पडून राहतो. रेक्टर सर त्याला समजावतात, “अरे, एका चाचणीने काय होते? तू हुशार मुलगा आहेस.” मुलगा “हो सर” म्हणतो आणि दुसऱ्या दिवशीही अंथरुणातच राहतो. अखेर त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवले जाते. तेथे तो एवढेच म्हणतो, “मॅडम, माझी इथे यायची लायकीच नव्हती.”

या वाक्याला काय उत्तर द्यावे, हाच दोन पद्धतींमधील मूळ प्रश्न आहे.

व्यक्तिकेंद्रित पद्धतीचे प्रवर्तक कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. १९२८ पासून सुमारे बारा वर्षे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे वर्तनसमस्या असलेल्या मुलांसाठीच्या संस्थेत काम केले. तेथील एक अनुभव त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. एका व्रात्य मुलाच्या आईशी ते कित्येक बैठका बोलत होते. मुलाच्या वागण्याचे मूळ आईने लहानपणी त्याला मनातून नाकारण्यात आहे, असे त्यांचे निदान होते, आणि ते तिच्या ध्यानात आणून देण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. तो सफल होईना. शेवटी दोघांनी प्रयत्न थांबवण्याचे ठरवले. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि त्यांनी विचारले की येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का? मग त्या परत येऊन बसल्या आणि स्वतःच्या संसाराविषयी, पतीशी असलेल्या दुराव्याविषयी, आपल्या निराशेविषयी बोलू लागल्या. आजवर त्यांनी सांगितलेल्या व्यवस्थित हकिगतीपेक्षा हे सारे निराळे होते. कोठे दुखते आहे आणि कोणत्या दिशेने जायचे आहे हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, असे रॉजर्स यांना तेथे उमगले. निदान अचूक असूनही उपयोगी पडत नाही, ही गोष्ट तज्ज्ञाने मान्य करणे सोपे नव्हते.

या विचाराची सैद्धांतिक मांडणी त्यांनी १९५७ साली एका निबंधात केली. माणसाच्या व्यक्तिमत्त्वात उपचारातून बदल घडण्यासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी त्यांनी सांगितल्या. त्यांतील तीन उपचारकाविषयी आहेत आणि त्याच पुढे मूलभूत अटी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या: समानुभूती, आंतर्बाह्य एकरूपता आणि विनाअट स्वीकार. ‘पुरेशा’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. वाद त्याच शब्दावरून झाला.

समानुभूती म्हणजे दुसऱ्याचे जग त्याच्या जागी उभे राहून जाणणे. मात्र हे ‘जणू’ आहे याचा विसर पडू द्यायचा नाही. त्याच्या दुःखात आपणच बुडालो, तर ती समानुभूती उरत नाही. सहानुभूतीहूनही ती वेगळी आहे. “बिचारा!” असे म्हणताना आपण काठावर उभे असतो. आपल्या उदाहरणात समुपदेशक बाई म्हणतात, “घरच्यांनी एवढ्या आशेने पाठवले आणि आता त्यांना तोंड कसे दाखवायचे, असे काही मनात घोळते आहे का?” मुलगा थोडा वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, “तसे नाही मॅडम. आबा रागावले तर चालेल. ते काहीच बोलणार नाहीत, याची भीती वाटते. नुसते उठून कामाला जातील.”

येथे बाईंचा अंदाज चुकला आहे, आणि तरीही बैठक योग्य मार्गावर आहे. आपले म्हणणे समजून घेण्याचा खरा प्रयत्न होत आहे असे दिसले की माणूस समोरच्याला दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीतूनच बोलणे ‘लायकी’ या मोघम शब्दापासून वडिलांच्या मौनापर्यंत पोहोचते. नवशिक्या समुपदेशकाची नेहमीची चूक मात्र येथेच होते. मूल म्हणते, “मला वाईट वाटते,” आणि तो म्हणतो, “म्हणजे तुला वाईट वाटते.” या पोपटपंचीला रॉजर्स यांचे नाव चिकटले, याचा त्यांना उत्तरायुष्यात फार वैताग होता. शब्द परत करणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते; आपली समजूत बरोबर आहे की नाही, हे समोरच्याकडून पडताळून घेणे हे होते. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. पोपटपंचीनंतर मूल “हो” म्हणून थांबते. खऱ्या समानुभूतीनंतर ते पुढे काहीतरी बोलते, बहुधा जे आधी बोलण्याचे ठरवलेले नव्हते ते.

विनाअट स्वीकार या अटीविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. पालक विचारतात, “मुलाने काहीही केले तरी छान म्हणायचे का?” नाही. समजा, तिसऱ्या बैठकीत हा मुलगा सांगतो की दुसऱ्या चाचणीत त्याने नक्कल केली. बाईंनी नकलेला मान्यता द्यावी असे रॉजर्स म्हणत नाहीत. या कबुलीनंतरही बाईंच्या मनातील त्याच्याविषयीचा आदर कमी होऊ नये, एवढेच ते सांगतात. यामागे त्यांची एक उपपत्ती आहे. मुलावरील प्रेम अमुक गुण, अमुक वागणूक या अटींवर अवलंबून आहे असे त्याला लहानपणापासून जाणवत गेले, तर ते त्या अटी स्वतःलाच लावू लागते. अटींत न बसणारा अनुभव मग ते स्वतःपासूनही लपवते. या दृष्टीने पाहिल्यास रेक्टर सरांचे “तू हुशार आहेस” हे वाक्य धीर देणारे वाटले, तरी त्यात एक अट दडलेली आहे. मुलाच्या कानी ते असे पडते: हुशार आहेस म्हणून तू आम्हाला हवा आहेस. ९ गुण मिळालेल्या मुलाला नेमका याच अटीचा धाक असतो. स्तुती आणि स्वीकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

एकरूपता म्हणजे उपचारकाच्या आत जे आहे आणि बाहेर जे दिसते, त्यांत विसंवाद नसणे. मुलगा दोन बैठका जवळजवळ काहीच बोलत नाही. बाईंना अस्वस्थ वाटते, तरी त्या चेहऱ्यावर हसू ठेवून बसतात. मुलांना असे हसू लगेच ओळखू येते. त्याऐवजी त्या म्हणू शकतात, “तू गप्प बसलास की माझी थोडी चलबिचल होते, मी काही नको ते विचारले की काय, असे वाटते. तुझे काय होते?” मात्र मनात येईल ते बोलून टाकणे असा एकरूपतेचा अर्थ नाही. बाईंना त्या दिवशी घरची चिंता असेल, तर ती मुलासमोर मांडण्याचे कारण नाही. जे टिकून राहिले आहे आणि या मुलाशी असलेल्या नात्यात आडवे येत आहे, तेवढेच बोलायचे, तेही स्वतःविषयी, त्याच्यावर ठपका न ठेवता.

या तीन अटी पाळल्या गेल्या, तर माणूस आपली वाट स्वतः काढतो, असा रॉजर्स यांचा विश्वास होता. म्हणून त्यांच्या पद्धतीत गृहपाठ नाही, तक्ता नाही, विषयपत्रिका नाही. आज कशावर बोलायचे, हे समोर बसलेल्यानेच ठरवायचे.

आता तोच मुलगा सीबीटीच्या खोलीत नेऊ. या पद्धतीची एक मुख्य शाखा फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी उभी केली. मूळचे मनोविश्लेषक असलेल्या बेक यांना नैराश्यग्रस्त रुग्णांचा अभ्यास करताना आढळले की, रुग्ण जे बोलतो त्याच्या जोडीला त्याच्या मनात विचारांचा दुसरा एक झपाट्याचा प्रवाह चालू असतो. मुद्दाम विचारल्याशिवाय तो सांगितला जात नाही. बहुधा रुग्णाचेही त्याकडे लक्ष नसते. ‘मी कंटाळवाणा आहे’, ‘हे जमणार नाही’, अशी ही वाक्ये असतात. त्यांना बेक यांनी स्वयंचलित विचार म्हटले. प्रसंगापेक्षा हे विचार माणसाला अधिक खाली ओढतात, आणि ते विचार असल्यामुळे तपासून पाहता येतात, हा या पद्धतीचा पाया.

येथे बाई बैठकीच्या आरंभीच विचारतात, “आज कोणत्या दोन गोष्टी घ्यायच्या?” मग कागदावर रकाने आखले जातात. प्रसंग: भौतिकशास्त्राचा पेपर हातात पडला. विचार: मी येथे टिकणार नाही. भावना: निराशा. या विचारावर शंभरात किती विश्वास? ९०. यानंतरचे दोन रकाने महत्त्वाचे आहेत. विचाराला दुजोरा देणारा पुरावा कोणता? २५ पैकी ९ गुण. विरुद्ध पुरावा? मुलगा आधी म्हणतो, काहीच नाही. बाई विचारतात, “बाकीच्या विषयांत किती?” रसायनशास्त्रात १६, गणितात १४. “भौतिकशास्त्राचे कोणते प्रश्न सुटले नाहीत?” पेपर पुन्हा पाहिल्यावर दिसते की, गणिती उदाहरणे बरोबर आहेत; लांबलचक इंग्रजी वाक्यांचे तीन प्रश्न त्याने कोरे सोडले आहेत. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकलेला. पर्यायी विचार त्याच्याच शब्दांत लिहिला जातो: ‘मला भौतिकशास्त्र येत नाही असे नाही, इंग्रजी प्रश्न वाचून समजायला मला वेळ लागतो.’ मूळ विचारावरचा विश्वास आता किती? ५५. शून्य नाही, आणि शून्य व्हावा अशी अपेक्षाही नाही.

त्यानंतर गृहपाठ. आठवडाभर रात्रीचे जेवण खोलीतल्या मित्राबरोबर भोजनगृहातच घ्यायचे आणि दिवसातून दोनदा मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे. कारण अंथरुणात पडून राहण्याने उदासी वाढते आणि उदासीमुळे माणूस अंथरूण सोडत नाही, हे चक्र कृतीच्या बाजूनेच तोडणे सोपे असते. दुसरा गृहपाठ प्रयोगाचा: रविवारी आबांना फोन करून गुण सांगायचे. आधी भाकीत लिहायचे, ‘ते काहीच बोलणार नाहीत’, आणि नंतर काय घडले ते लिहायचे.

या पद्धतीतही चुका होतात. समुपदेशक वकिलासारखा उलटतपासणी घेऊ लागला, तर मूल वादात हरते. पटत मात्र नाही. पर्यायी विचाराच्या जागी ‘मी करू शकतो’ अशी घोषणा लिहून घेतली, तर ती पुराव्याशी जोडलेली नसते आणि पुढच्या चाचणीत कोसळते. मूल भराभर रकाने भरते, विश्वासाचा आकडा दर वेळी छान खाली येतो आणि तरीही ते जेवायला येत नाही, असे दिसले तर समजावे की ते बाईंना खूश करण्यासाठी लिहीत आहे.

एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली असेल. आबांच्या मौनाची भीती माहीत नसती, तर हा प्रयोग सुचलाच नसता. आणि ती भीती समानुभूतीतून बाहेर आली होती. बेक यांनाही हे मान्य होते. १९७९ साली नैराश्याच्या उपचारावर सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी आपुलकी, अचूक समानुभूती आणि प्रांजळपणा हे गुण उपचारकाकडे हवेतच असे म्हटले. मात्र ते आवश्यक आहेत, पुरेसे नाहीत. म्हणजे मतभेद एका शब्दाचा. मराठी वाचकांना विवेकनिष्ठ उपचारपद्धतीमुळे परिचित असलेले अल्बर्ट एलिस त्याहून पुढे गेले: त्यांच्या मते असा स्वीकार इष्ट असला, तरी तो आवश्यकही नाही आणि पुरेसाही नाही.

या वादाचा निर्णय पुराव्याने लावण्याचे प्रयत्न झाले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ५१० रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून, एका गटाला व्यक्तिकेंद्रित-अनुभवात्मक उपचार व दुसऱ्याला सीबीटी देण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित उपचार सीबीटीहून उणा ठरला नाही. बारा महिन्यांनी मात्र सीबीटीच्या रुग्णांची स्थिती काहीशी अधिक चांगली दिसली. आम्हाला यातून असे वाटते की, ऐकून घेण्याने माणूस उठून उभा राहतो. आणि रकाने भरण्याचे कौशल्य, एकदा हाती आले की, समुपदेशक नसतानाही वापरता येते. अर्थात हा आमचा तर्क आहे; त्या अभ्यासातील रुग्ण प्रौढ होते आणि त्यांचे जग आपल्या वसतिगृहाहून वेगळे होते.

काही दुखण्यांत निवड अधिक स्पष्ट आहे. वारंवार हात धुण्यासारखे कृती-अनिवार्यतेचे विकार किंवा अचानक छाती धडधडून येणारे भीतीचे झटके यांत केवळ समजून घेणारे नाते पुरत नाही. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव लागतो आणि तो सीबीटीच्या परंपरेतून येतो. याउलट आईवडिलांपैकी कोणी नुकतेच गेले असेल, तर त्या मुलाच्या दुःखात तपासण्यासारखा चुकीचा विचार नसतो. तेथे कागद पुढे करणे क्रूरपणाचे ठरेल. आमच्या उदाहरणातील मुलाबाबत विचाराल, तर पहिल्या दोन-तीन बैठका रॉजर्स यांच्या वाटेने आणि मग पेपर टेबलावर, असा क्रम आम्ही पसंत करू. अनेक समुपदेशक प्रत्यक्षात असेच करतात. काटेकोर व्यक्तिकेंद्रित उपचारक मात्र अशा मिश्रणाला मान्यता देणार नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

निवासी शाळेला एक वेगळी अडचण आहे, आणि ती रॉजर्स यांच्या सहाव्या अटीतून समजते. उपचारकाने स्वीकार व समानुभूती बाळगली एवढ्याने भागत नाही. ती समोरच्याला निदान थोडी तरी जाणवली पाहिजे, अशी ती अट आहे. जो रेक्टर सुट्टीचा अर्ज मंजूर करतो, उशिरा येणाऱ्याला दंड करतो आणि वसतिगृहातून काढूही शकतो, त्याचा स्वीकार कितीही खरा असला तरी मुलाला तो विनाअट वाटणे कठीण. नकलेची कबुली मूल त्याच्याकडे देणार नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही करू नये. म्हणून समुपदेशक शिस्तीच्या यंत्रणेबाहेरचा असावा, आणि त्याने खोलीत ऐकलेले शिक्षकांच्या बैठकीत सांगू नये.

या गोपनीयतेलाही मर्यादा आहेत आणि त्या मुलाला पहिल्याच बैठकीत सांगितल्या गेल्या पाहिजेत. नंतर सांगणे म्हणजे विश्वासघात ठरतो. जिवाला धोका दिसला, तर पालकांना व डॉक्टरांना कळवावे लागते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मूल मरणाविषयी बोलू लागले, त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा त्याचे खाणेपिणे व झोप जवळजवळ थांबली, तर वरील दोन्ही पद्धतींचा विचार बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळत नसतील, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.